‘रात्र ओली, गंध ओला’ : एका भावगीताच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी, नागपूर

वहिनींचं माहेर काटोलकडे, संत्र्याचं. काल तिथून आलो. आंबिया बहार धरायचा म्हणून बागेला डिसेंबरापासून ताण दिलेला होता. पाणी बंद, माती भेगाळलेली, पानं मलूल. परवा रात्री ताण तोडला. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे पाणीही रात्रीच. अंधारात मोटार सुरू झाली आणि तहानलेल्या मातीचा जो वास उठला, तो परतीच्या वाटेवर काटोल नाक्यापर्यंत माझ्याबरोबर आला. घरी पोचेपर्यंत दोन ओळी झाल्या होत्या :

रात्र ओली, गंध ओला, दार थोडे मोकळे
ताण तुटला आज बाई, झाड गंधाने खुळे

मूळ लिहिलं होतं ‘ताण सुटला’. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आमच्याकडे ताण तोडतात.” मग ‘तुटला’ केलं. मात्रा तेवढ्याच राहतात, आणि शब्द बागेतला आहे.

फुलं अजून आलेली नाहीत, ती पुढच्या महिन्यात. गाण्यात मात्र ती आलेली असतील. आज एवढंच ठरवलं : वहिनी गातील, समोरचे काका तबल्यावर, आईचा मिरजेचा तंबोरा, आणि मागे बाकी जवळपास काही नाही. स्वर बागेश्री रागाचे.

१३ जानेवारी

मात्रा मोजल्या. लघूची एक, गुरूची दोन. ‘रात्र ओली’ म्हणजे गा-ल-गा-गा, सात मात्रा. ‘गंध ओला’ सात, ‘दार थोडे’ सात, ‘मोकळे’ पाच. ओळ सव्वीस मात्रांची. हे देवप्रिया वृत्त आहे. मी ते ठरवून घेतलं नव्हतं, कानात होतं तेच उतरलं.

दुसऱ्या ओळीत मात्र खोट निघाली. मोजून ती बरोबर आहे, गाताना चुकते. ‘झाड गंधाने खुळे’ याचे सात-सातचे तुकडे पाडले तर पहिला तुकडा ‘झाड गंधा’ होतो आणि पुढचा ‘ने खुळे’. म्हणजे नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, विभक्तीचा ‘ने’ येतो. समेवर जे येतं ते कानाला मोठं वाटतं. तिथे ‘ने’ मोठा झाला की शब्द फाटतो, आणि ऐकणाऱ्याला ‘गंधा’ अशी कुणाला तरी मारलेली हाक ऐकू येते. मी चार वेळा गाऊन पाहिलं. ‘गंधा’नंतर श्वास न घेता ओढून नेलं तरी तबल्याची सम तिथे पडणारच.

‘खुळे’ हा शब्द मला फार आवडला होता. तो सोडायला दोन दिवस गेले. शेवटी ओळ अशी झाली :

ताण तुटला आज बाई, झाड झाले वेगळे

आता चारही समा पूर्ण शब्दांवर येतात : ताण, आज, झाड, वेगळे. ‘मोकळे’ला ‘वेगळे’ हे यमकही आधीपेक्षा घट्ट बसलं. गाण्यासाठी लिहिलेली कविता कागदावर तपासून पुरत नाही. हाताने टाळी देत ओळ म्हणायची आणि टाळी कुठल्या अक्षरावर पडते ते पाहायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. छतावर पतंगांचा गोंगाट, रियाझ नाही. दोन कडवी लिहून झाली.

पौष गेला कोरडासा, पान नाही हालले
कोण जाणे काय माझे माझियाशी बोलले

पाट आला पावलांशी, मी न त्याला रोखले
या फुलांनी आज माझे नाव पहिले घेतले

बागेत आता पाट फारसे नाहीत, ठिबकच्या नळ्या आहेत. पण वहिनींच्या लहानपणी पाटच होते, आणि पावलांशी येतं ते पाटाचंच पाणी.

१७ जानेवारी

काकांनी ओळी ऐकल्याबरोबर केरवा धरला. हे साहजिक आहे. या वृत्तातली कितीतरी गाणी केरव्यात बसवली जातात. सात मात्रांच्या प्रत्येक तुकड्यात शेवटचं अक्षर एका मात्रेने लांबवलं की आठ होतात. आम्ही तसं गाऊन पाहिलं. ‘ओलीऽ’, ‘ओलाऽ’, ‘थोडेऽ’. प्रत्येक तुकड्याला सारखीच शेपटी आली आणि चाल झुलायला लागली. गाणं हसरं झालं. इथे रात्र आहे, आणि दार अर्धवट उघडं ठेवून उभी असलेली एक बाई आहे. ती झुलत नाही.

मग सात मात्रांचा रूपक ताल घेतला. तीन-दोन-दोन.

ती ती ना | धी ना | धी ना
रा – त्र | ओ – | ली –

शब्दाचे तीन भाग आणि तालाचे तीन विभाग नेमके एकावर एक बसले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की रूपकाची सम खालीची आहे. तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो. ‘रात्र’, ‘गंध’, ‘दार’ हे शब्द समेवर येतात, पण त्यांच्यावर ठोका पडत नाही. घुमारा येतो चौथ्या मात्रेवर, ‘ओ’वर, आणि तो ओलाव्यासारखाच वाटतो.

आणखी एक लाभ झाला. ‘मोकळे’ पाच मात्रांचं आहे, म्हणून ओळीच्या शेवटी दोन मात्रा उरतात. काका तिथे सवयीने छोटा तुकडा घेत होते. मी म्हटलं, “काका, त्या दोन मात्रा रिकाम्या ठेवायच्या का? नुसता ठेकाही हलका करा.” त्यांनी हात जवळजवळ उचललाच. त्या जागेत तंबोरा ऐकू आला. गाण्यात तंबोऱ्याची जागा तीच, हे आज कळलं.

लय आधी मिनिटाला एकशे बारा मात्रांची धरली होती. त्यात ओळ पंधरा सेकंदांत संपते आणि घाई जाणवते. ऐंशीवर नेली तर ओळ एकवीस सेकंदांची होते. तेव्हा ‘झाड झाले’पर्यंत वहिनींचा श्वास पुरत नाही, शब्दही एकमेकांपासून सुटायला लागतात. ब्याण्णववर थांबलो. एक आवर्तन साडेचार सेकंदांचं.

२० जानेवारी

आजचा दिवस तंबोऱ्याचा.

वहिनींचा षड्ज म्हणजे पेटीची काळी चार पट्टी. आईचा तंबोरा बायकी आवाजाचाच, त्याला हा स्वर मानवतो. मधल्या जोडीच्या तारा षड्जात, चौथी खर्जात. प्रश्न पहिल्या तारेचा. ती नेहमी पंचमात असते. बागेश्रीत पंचम आरोहात नसतो. उतरताना ‘म प ध म ग’ असा वळणाने, पाहुण्यासारखा येतो. तो तंबोऱ्यावर दर आवर्तनात वाजत राहिला तर मध्यमावर थांबलेल्या वहिनींना तो टोचणार. म्हणून तार मध्यमात उतरवली.

तार एका पूर्ण स्वराने सैल झाली तशी तिची जवारी गेली. आवाज बोदा झाला, ती सोनेरी झंकार उरली नाही. घोडीवरचा दोरा केसभर मागे-पुढे करत बसलो. पाऊण तास लागला. दोरा ज्या बिंदूला पोचल्यावर तार एकदम उघडते तो बिंदू ताणानुसार बदलतो, म्हणून पंचमासाठी लावलेला दोरा मध्यमाला चालत नाही. मग मण्याने बारीक सुरात आणली.

जवारी नीट उघडली तेव्हा एक गोष्ट कानावर आली आणि मी तंबोरा मांडीवर घेऊन बराच वेळ तसाच बसलो. खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार निघतो, हे आपण सगळे शिकतो. तो शुद्ध गंधार असतो. त्याच न्यायाने मध्यमाच्या तारेतून धैवत निघतो, कारण मध्यमाचा गंधार म्हणजे आपला शुद्ध धैवत. बागेश्रीचा जीव ‘म ध’ या संगतीत आहे, आणि ती संगती तंबोरा स्वतःच गात होता. बागेश्रीला मध्यमाचा तंबोरा लावायचा तो फक्त पंचम टाळायला, असं मी आजवर समजत होतो. तो धैवतही देतो.

खर्जातल्या शुद्ध गंधाराचं मात्र काय करायचं? रागाचा गंधार कोमल आहे. आज तरी तो प्रश्न तसाच ठेवला.

२३ जानेवारी

पहिली एकत्र तालीम, आणि काहीतरी बिघडलं. चाल तीच, गळा तोच, सगळे सुरात. तरीही गाणं बागेश्रीसारखं वाटेना. वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, हे खमाजकडे जाऊन राहिलं.”

खरोखर जात होतं. रात्री कारण शोधत बसलो, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो.

काकांनी मोठ्या तोंडाचा तबला आणला होता. तो काळी एकला बोलतो. काळी चारच्या षड्जाचा मध्यम म्हणजे नेमकी काळी एक. त्यामुळे तबला मध्यमात लागला. मलाही ते आवडलं, कारण मोठ्या तोंडाचा नाद खालचा आणि मऊ असतो आणि आपल्याला मऊ तबलाच हवा होता. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात होतीच. त्यात माझी चाल ‘म म ध नी ध म’ अशी मध्यमावरून उठून मध्यमावरच बसत होती.

तिन्हीकडून मध्यम. आणि मध्यमापासून वरचा षड्ज मोजला तर तो बरोबर पंचमाच्या अंतरावर येतो. कानाला खाली एक स्वर आणि वर त्याचा पंचम मिळाला की तो खालच्यालाच षड्ज मानतो. मध्यम षड्ज झाला की बागेश्रीचे बाकीचे स्वर आपोआप दुसरी नावं घेतात : धैवत होतो शुद्ध गंधार, कोमल निषाद होतो मध्यम, षड्ज पंचम, रिषभ धैवत आणि कोमल गंधार होतो कोमल निषाद. हे सरळ खमाजचे स्वर आहेत. कुणीही बेसूर नव्हतं. गाण्याची जमीन सरकली होती.

ओळखायची खूण : गाणं थांबवून, तंबोरा चालू ठेवून, गाणाऱ्याला न सांगता ‘सा’ लावायला लावायचा. वहिनींनी क्षणभर अडखळून मध्यम लावला होता.

२६ जानेवारी

तीन गोष्टी बदलल्या.

पहिली तंबोरा छेडण्याची. मध्यमाची तार बोटाच्या मऊ भागाने, हलकी. जोड नेहमीसारखी. खर्ज भरून, आणि त्यानंतर किंचित थांबून पुन्हा मध्यम. चारही तारा एका वजनाने छेडल्या की मध्यम आधी येतो म्हणून तोच पाया वाटतो. खर्जाला वेळ दिला की पाया परत जागेवर येतो.

दुसरी तबल्याची. काकांना छोट्या तोंडाचा तबला आणायला सांगितला, काळी चारचा. त्यांनी आधीच सांगितलं, “अरे, हा टणटण बोलेल, तुला मऊ पाहिजे म्हणतो ना तू?” बोलला तसाच. पण मऊपणा नुसत्या तबल्यात नसतो, बोटातही असतो. रूपकातला ‘ना’ ते चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, वाजवत होते. तो चाटेवरून काढून लवेवर, बोट थोडं आत घेऊन वाजवला तेव्हा टोक गेलं. डग्गा मनगटाने दाबून, घुमारा अर्धाच सोडला. काका म्हणाले की असं वाजवणं जोरात वाजवण्यापेक्षा जड आहे. पाच मिनिटांत त्यांच्या मनगटाला रग लागली. मी नुसतं ‘हळू वाजवा’ म्हणून मोकळा होत होतो.

तिसरी चालीची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. मुखडा मध्यमावरून न उठवता खालून आणला. (ग आणि नी कोमल, नुक्ता मंद्राचा.)

रात्र ओली : ध़ – नी़ | सा – | म –
गंध ओला : म – ग | म – | ध –
दार थोडे : ध – म | ग – | रे –
मोकळे : सा – सा | सा – | – –

पहिल्याच आवर्तनात षड्ज येतो, तोही डग्ग्याच्या घुमाऱ्यावर. मग ‘सा’वरून ‘म’पर्यंतची उडी ऐकू येते. मध्यम आता घर राहत नाही, घराबाहेर टाकलेलं पाऊल होतो. ‘मोकळे’ षड्जावर संपतं आणि त्या दोन रिकाम्या मात्रांत खर्ज वाजतो. पुन्हा तीच परीक्षा घेतली. वहिनींनी न अडखळता षड्ज लावला.

३० जानेवारी

पहिलं कडवं सरळ झालं. कोरडं, मंद्र आणि मध्य सप्तकातच राहणारं. ‘पान नाही हालले’वर कसलीही हरकत नको, असं ठरलं. पान हलत नाही म्हणताना गळा हलवायचा नाही.

दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ ‘या फुलांनी आज माझे नाव पहिले घेतले’. इथे बहार येतो. मी वर तार सप्तकात जाऊन पाहिलं, मोठी तान घेऊन पाहिली. दोन्ही खोटं वाटलं. संत्र्याचं फूल बोटाच्या पेराएवढं असतं. त्याचा वास मोठा, आकार लहान. स्वरातही बदल तसाच लहान हवा होता.

तेव्हा खर्जातला तो शुद्ध गंधार आठवला.

बागेश्रीतला कोमल गंधार काढून शुद्ध ठेवला की आपण रागेश्रीच्या अंगणात येतो. ‘ग म ध नी सां’. पंचम तिथे नाहीच, मध्यमाचा तंबोरा तिथेही चालतो. एकच स्वर बदलतो. आणि तो स्वर तंबोरा पहिल्या दिवसापासून गातो आहे, आपणच तो मागे ठेवत होतो.

या फुलांनी : ग – म | ध – | नी –
आज माझे : सां – सां | नी – | ध –
नाव पहिले : म – म | ध म | ग –
घेतले : रे – रे | सा – | – –

‘या’वर दोन मात्रांचा शुद्ध गंधार, समेवर, डग्ग्याशिवाय. वहिनींनी तो लावला आणि खर्जातून त्याला उत्तर आलं. आम्ही तिघंही थांबलो.

लगेच दोन अडचणी निघाल्या. पहिली : आधीची ओळ ‘रोखले’ मी ‘ग रे सा’ करत कोमल गंधारातून उतरवली होती. कोमल गंधार कानात ताजा असताना शुद्ध आला की तो रंग न वाटता चूक वाटते. म्हणून ‘मी न त्याला रोखले’ पूर्ण मध्यमाभोवती ठेवलं, मध्यमावरच संपवलं. दोन आवर्तनं, म्हणजे नऊ सेकंद, गंधार अजिबात नाही. तेवढ्यात कान जुना गंधार खाली ठेवतो.

दुसरी अडचण पेटीची. मी साथीला पेटी धरली होती. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, कारण पेटीचे सूर समान अंतरांवर बसवलेले असतात. एरवी ते खपतं. पण ज्या ओळीत तंबोऱ्याचाच गंधार ऐकवायचा, तिथे पेटीच्या चढ्या गंधाराने दोघांमध्ये कंप उठला आणि वहिनी मधल्यामध्ये लोंबकळल्या. त्या ओळीत पेटी बंद. विचार केल्यावर पूर्ण दुसऱ्या कडव्यातच बंद केली.

४ फेब्रुवारी

सगळं जमलं आणि गाणं पाढ्यांसारखं वाटायला लागलं. ज्या काटेकोरपणावर मी खूश होतो, शब्द आणि ताल एकावर एक, त्याचाच हा परिणाम. रात्र, गंध, दार, मोकळे : दर साडेचार सेकंदांनी एक शब्द, बरोबर समेवर. दुसऱ्यांदा ऐकताना पुढचा शब्द केव्हा येणार ते आधीच कळतं.

उपाय शब्दांत नव्हता, ते आता हलवायचे नाहीत. तो उच्चाराच्या वेळेत होता. पहिली ओळ पहिल्यांदा तालाशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर. तबला येतो ‘मोकळे’च्या समेवर. त्यानंतर पुन्हा ‘रात्र’ म्हणताना सम जाऊ द्यायची आणि अर्ध्या मात्रेने मागून शब्द घ्यायचा. ‘गंध’ही तसाच. ‘दार’ मात्र समेवर. म्हणजे दोनदा वाट पाहायला लावायची आणि तिसऱ्यांदा वेळेवर यायचं.

वहिनींना हे सांगितल्यावर त्या मोजायला लागल्या आणि आणखी ताठ झाल्या. मग काकांनी सांगितलं, “सून, तू मोजू नको. मी ‘ती’ वाजवला, तो ऐक, मग बोल.” एवढ्याने झालं. अर्धी मात्रा मोजून येत नाही, पण तबल्याचा नाद ऐकून मग शब्द उच्चारला तर उशीर आपोआप तेवढाच होतो.

ही युक्ती दुसऱ्या ओळीत वापरली नाही. ‘ताण तुटला’ हे वेळेवरच तुटलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. घरातलीच मधली खोली, गाद्या भिंतीला टेकवून. रात्री अकरानंतर, महाल भागातल्या गल्लीत गाड्या थांबल्यावर.

आधी तंबोरा एकटा, सलग सहा मिनिटं. मग तो कानात घेऊन वहिनी आणि काका एकत्र. दोघांना वेगळं घ्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं, कारण ती अर्धी मात्रा काकांच्या ‘ती’वर टेकलेली आहे.

तबल्याने त्रास दिला. दुपारी काकांनी तो खिडकीतल्या उन्हाजवळ ठेवून लावला होता. आपल्याकडची थंडी कोरडी, त्यात ऊन लागलं की पुडी ताणली जाते आणि सूर चढतो. रात्री खोली गार झाल्यावर तो हळूहळू उतरत गेला. पहिल्या तीन खेपांमध्ये शेवटाकडे तबला षड्जाखाली गेलेला स्पष्ट ऐकू येतो. तिन्ही टाकल्या. मग तबला तासभर खोलीतच ठेवला, पुडीभोवतीच्या गजऱ्यावर वरून हलके ठोके देऊन पुन्हा चढवला आणि चौथी खेप घेतली. तबल्याचा माइक आधी वीतभर अंतरावर होता, तो दोन वितींवर नेला. जवळून बोटांचा टकटकाट येत होता, लांबून नाद येतो. वहिनींचा आवाज त्या माइकात थोडा शिरला, तो तसाच ठेवला.

चौथ्या खेपेत ‘पहिले’चा शुद्ध गंधार वहिनींनी नेहमीपेक्षा किंचित लांबवला आणि ‘घेतले’ जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. तालमीत हे कधीच झालं नव्हतं. पाचवी खेप घेतली नाही.

१२ फेब्रुवारी

मिश्रण करताना दिवसभर एकाच गोष्टीशी झगडलो : तंबोरा किती? मोठा ठेवला की शब्दांतली व्यंजनं बुडतात, ‘मोकळे’तला ‘क’ हरवतो. लहान ठेवला की शुद्ध गंधाराला खालून उत्तर येत नाही आणि ती ओळ साधी होऊन जाते. शेवटी पूर्ण गाण्यात तो एका पातळीवर न ठेवता दोन जागी उचलला : ओळीअखेरच्या रिकाम्या मात्रांत अगदी थोडा, आणि ‘या फुलांनी’च्या आधीच्या आवर्तनापासून थोडा जास्त. उचलताना ऐकू येऊ नये म्हणून तो चढ पूर्ण आवर्तनभर पसरवला.

कडव्यानंतर मुखड्यावर परत येताना ‘गंध’वर एकाच मात्रेचा कोमल गंधार आहे. तो कानाला पुरत नाही, राग नक्की परतला की नाही हे ‘थोडे’वरच्या दोन मात्रांपर्यंत कळत नाही. आधी मला तो दोष वाटला आणि चाल बदलायला बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, “असू द्या. दार थोडंच मोकळं आहे न.” तसंच ठेवलं.

शेवट : तबला शेवटच्या ‘मोकळे’च्या ‘मो’वर थांबतो. त्यानंतर तंबोऱ्याची दोन पूर्ण आवर्तनं, खर्जाच्या तारेवर शेवट. आवाज हळूहळू कमी करत नेलेला नाही. शेवटची तार स्वतः विरेपर्यंत ठेवली आहे.